भार जागेवर, गाडी फिरती

प्रश्न : "बातमीत वाचलं, 'आता पुराव्याचा बोजा आरोपीवर सरकला.' बर्डन ऑफ प्रूफला मराठीत हेच म्हणतात का? आणि तो सरकतो म्हणावं की उलटतो?"

'शाबितीचा भार' म्हणा. 'बोजा' नको. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो आणि कर्ज फिटलं की उतरतो. व्यवहाराच्या मराठीत त्या शब्दाला त्याचं काम कधीच मिळालेलं आहे. 'पुराव्याचा' तर त्याहून नको, कारण सगळा घोळ तिथेच आहे. हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी तितकाच चिडतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबलेल्या आहेत.

'भार' आणि 'बर्डन' हे एकाच घरचे, हे बहुतेकांना माहीत असतं. दोन्हींच्या मुळाशी वाहून नेणं आहे, आपल्याकडचा 'भृ' धातू तोच. म्हणून ते सोडून देतो. मला सांगायचंय ते वकिलांच्या तोंडी रोज असलेल्या दुसऱ्या शब्दाबद्दल : ओनस. लॅटिनमध्ये ओनस म्हणजे ओझं. त्याचा संस्कृतातला नातलग आहे 'अनस्', आणि अनस् म्हणजे गाडा! ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात इंद्र उषेचा गाडा मोडतो आणि ती भिऊन त्या चुराडा झालेल्या गाड्यातून पळ काढते, तिथे हाच शब्द आहे. हे अनस् ओढणारा तो 'अनडुह्', म्हणजे बैल. संस्कृत शिकताना 'अनड्वान्, अनड्वाहौ' अशी अवघड रूपं ज्यांनी घोकली असतील, त्यांनी न कळत ओनसच घोकलं आहे. एका भाषेत ओझं राहिलं, दुसरीत ते ओझं वाहणारी गाडी झाली.

आता हे कायद्याशी ताडून पाहा. १९६३ साली दत्तक आणि वाटणीच्या एका दाव्यात, राघवम्मा विरुद्ध चेंचम्मा, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बर्डन ऑफ प्रूफ आणि ओनस ऑफ प्रूफ यांत मूलभूत फरक आहे : बर्डन कधीच हलत नाही, ओनस हलतं. म्हणजे भार जागेवर आणि गाडी फिरती! न्यायमूर्तींसमोर ऋग्वेद नव्हता, हे मला कळतं. पण दोन शब्दांना त्यांनी जी कामं वाटून दिली, ती त्यांच्या मुळांना इतकी चपखल बसतात की हा फरक लक्षात ठेवायला याहून चांगली खूण मला आजवर सापडलेली नाही.

मराठीतही ही जोडी तयार आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. 'शाबीत' अरबी 'साबित'वरून आला, आणि त्या धातूचा अर्थ घट्ट उभं राहणं, अढळ असणं. 'डोकं शाबूत आहे' मधला शाबूत त्याच कुळातला. 'पुरावा' मात्र, माझ्या मते, सरळ 'पुरवणे'मधून आलेला आहे : जो पुरवायचा आणि जो पुरायला हवा तो पुरावा. म्हणून जे हलत नाही त्याला 'शाबितीचा भार' म्हणावं आणि जे खटला चालू असताना इकडून तिकडे जातं त्याला 'पुरावा देण्याची पाळी'. 'सिद्धिभार विवर्तित झाला' असं लिहिणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझं भांडण इथेच आहे. 'शाबीत' परका म्हणून हाकलला आणि त्याच्या जागी जो शब्द आणला त्यात दोन्ही गोष्टी पुन्हा एक झाल्या. असं एक वाक्य एका वकील मित्राच्या लेखी युक्तिवादाच्या मसुद्यात मी स्वतः खोडलं आहे. वर 'पाळी वादीची' एवढंच लिहिलं, आणि त्याचा पुढचा परिच्छेद आपोआप सरळ झाला.

इंग्रजीतही हा गोंधळ जुनाच आहे. अमेरिकन कायदेपंडित जेम्स थेयर यांनी १८९० मध्येच दाखवून दिलं होतं की एकाच शब्दप्रयोगाखाली दोन अर्थ वावरतात. आपला १८७२ चा पुरावा कायदा ज्यांनी रचला त्या फिट्झजेम्स स्टीफन यांनी मात्र दोहोंना एकच नाव ठेवलं. त्या कायद्याचं कलम १०१ सांगतं की जो गोष्ट मांडतो त्याने ती शाबीत करावी. कलम १०२ कसोटी देतं : दोन्ही बाजूंनी काहीच पुरावा आला नाही तर जो हरेल, भार त्याच्यावर. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही कलमं १०४ आणि १०५ झाली आहेत.) ही कसोटी मला फार आवडते. दोघेही गप्प बसले अशी कल्पना करायची आणि कोण हरतं ते पाहायचं. भार कुठे आहे याचं उत्तर तिथे मिळतं, मग पुढे कितीही साक्षीदार येवोत.

राहिला 'सरकतो की उलटतो' हा भाग. त्यासाठी सात वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा नियम घेतो, कारण याबद्दल जितकं चुकीचं बोललं जातं तितकं क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल.

गेल्या तीस वर्षांत माणूस जिवंत होता असं दिसलं, तर तो मेला म्हणणाऱ्याने ते शाबीत करायचं, हे जुनं कलम १०७, आताचं ११०. पण ज्यांना त्याची खबर स्वाभाविकपणे कळली असती अशांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे म्हणणाऱ्यावर शाबितीचा भार येतो, हे जुनं कलम १०८, आताचं १११. स्टीफन यांनी इथे 'भार सरकतो' असंच म्हटलं आहे, आणि बातमीदारांचा आधार बहुधा तोच असावा. मला तो शब्द पटत नाही. इथे काहीही आपोआप सरकत नाही. आधी दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतात : एक, या लोकांना खबर कळायलाच हवी होती, दोन, ती कळली नाही. त्या शाबीत झाल्या की कायदा स्वतः भार उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. म्हणून 'भार ठेवला' म्हणावं. आणि विरुद्ध बाजू त्या दोन गोष्टींवरच घाव घालू शकते. माणूस घरच्यांशी कायमचं भांडून गेला असेल, किंवा अटकेच्या भीतीने लपला असेल, तर त्याच्या गप्प राहण्याला मृत्यूखेरीज दुसरं कारण आहे; मग 'स्वाभाविकपणे कळली असती' हा पायाच डळमळतो आणि वर काही उभं राहत नाही.

आता खरी मेख. सात वर्षांनी काय गृहीत धरलं जातं? तो मेला आहे, एवढंच. केव्हा मेला, हे नाही.

इंग्लंडमधला १८७० चा फेने ट्रस्टचा निकाल यासाठी मुद्दाम वाचावा असा आहे. एक पुतण्या अमेरिकेला गेला आणि तिथल्या नौदलात शिरला. जून १८६० मध्ये तो तिथून पळून गेल्याची नोंद झाली, त्यानंतर त्याची काहीच खबर नाही. जानेवारी १८६१ मध्ये काका वारला. मृत्युपत्रातला वाटा पुतण्याला मिळायचा, तर काका गेला त्या दिवशी पुतण्या जिवंत असायला हवा. मध्ये गेले जेमतेम सात महिने. पुतण्याच्या वतीने हक्क सांगणाऱ्याचं म्हणणं असं की जूनमध्ये जिवंत असलेला तरणा माणूस जानेवारीतही जिवंतच धरला पाहिजे. अपील न्यायालयाने ते मानलं नाही. आज तो मेलेला आहे हे गृहीत, पण त्या सात वर्षांतल्या अमुक दिवशी तो जिवंत होता किंवा मेला होता असं कोणतंही गृहीत नाही. ज्याचा हक्क त्या तारखेवर उभा आहे, त्याने ती तारीख शाबीत करायची. ती झाली नाही आणि वाटा गेला.

कलम १०२ ची कसोटी इथे लावून बघा. दोघेही गप्प बसले तर हरणार तो पुतण्याच्या नावाने मागणारा. भार पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच होता आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच राहिला.

हेच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विम्याच्या संदर्भात सांगितलं, एलआयसी विरुद्ध अनुराधा या खटल्यात. माणूस बेपत्ता झाला, हप्ते थांबले, पॉलिसी बंद पडली. बेपत्ता झाला तेव्हाच तो मेला असं धरलं तर पॉलिसी चालू होती आणि पैसे मिळतात. न्यायालय म्हणालं, मृत्यूची तारीख गृहीत धरता येत नाही. म्हणून असा प्रसंग आलेल्या घरांना मी एकच सांगतो : सात वर्षांच्या भरवशावर हप्ते थांबवू नका. कायदा मृत्यू देतो, तारीख देत नाही.

यावरून 'गृहीत' या शब्दाकडे येतो. 'ग्रह्' म्हणजे पकडणं. लॅटिन 'प्रेसूमेरे'चाही अर्थ आधीच हातात घेणं. आधीच हातात घेतलेली वस्तू खाली ठेवता येते, हे दोन्ही शब्दांत आहे. म्हणून 'गृहीतक' म्हणू नका! गृहीतक भूमितीत असतं आणि ते खोडायला कोणी जात नाही. खटल्यात 'गृहीत' खोडण्यासाठीच असतं, एक अपवाद सोडून : कायदा जिथे एखादी गोष्ट 'निर्णायक शाबिती' मानतो, तिथे उलट पुरावा घेतलाच जात नाही.

तुमच्या बातमीतल्या आरोपीबद्दल : खटला चेक न वटल्याचा असेल, तर तो चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं न्यायालयाला गृहीत धरावंच लागतं. म्हणजे इथे कायद्याने खरोखरच आरोपीवर भार ठेवला आहे. पण तो हलका आहे. २०१० च्या रंगप्पा निकालाप्रमाणे आरोपीने फक्त संभाव्य वाटेल असा बचाव उभा करायचा, संशयातीत नव्हे. त्यासाठी त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात चढलंच पाहिजे असंही नाही. तक्रारदाराच्या उलटतपासणीतून निघालेलं एखादं उत्तरसुद्धा पुरतं. एवढी मोठी रक्कम रोख दिली म्हणतोस, मग ती आणलीस कुठून, याचं उत्तर त्याला देता आलं नाही की पाळी पुन्हा तक्रारदाराची. खटला खुनाचा असेल आणि सरकार पक्षाचे साक्षीदार नीट उभे राहिले, तर बातमीदाराने 'आता उत्तर देण्याची पाळी आरोपीची' असं लिहावं. तिथे शाबितीचा भार सरकार पक्षावरून इंचभरही हललेला नसतो.