विक्री टीमला नव्या उत्पादनाची माहिती कोणत्या क्रमाने द्यावी?

प्रश्न: आम्ही मालवणात कोकम आगळ बाजारात आणतोय. सेल्सच्या चार मुलांना ब्रीफिंग द्यायचंय. ओळख, ग्राहक, शंका, किंमत हे कसं मांडू?

उत्तर: आधी ग्राहक ठरवा, मग त्याच्यासाठी एका वाक्यात ओळख, मग किंमत, आणि निम्मा वेळ शंकांना ठेवा. किंमत शंकांच्या आधी, कारण दुकानात पहिली शंका बहुधा भावाचीच निघते. किनारपट्टीवर खाद्यपदार्थ विकणाऱ्या टीमना मी हेच शिकवतो.

समजा ग्राहक म्हणजे मासळीच्या थाळीची खानावळ. मग ओळख अशी: "सोलं भिजवायची खटपट नाही, रोज सोलकढी एकाच चवीची." पर्यटकाला भेट म्हणून विकायचं तर हे वाक्य निकामी, त्याला वेगळं पान करा.

"बाटली महाग आहे" याला उत्तर ग्लासाच्या हिशोबात द्यायचं. ७०० मिलीची बाटली १४० रुपयांना आणि ग्लासाला २० मिली आगळ धरलं, तर ३५ ग्लास होतात, म्हणजे ग्लासामागे ४ रुपये. हे प्रमाण मुलांनी स्वतः सोलकढी करून मोजलेलं असावं, नाहीतर स्वयंपाकी पहिल्याच भेटीत अडवतो. आगळात मीठ असतंच, तेव्हा "कढीत वरून मीठ चाखूनच घाला" हेही त्यांनी सांगायला हवं.

दुकानदाराचं मार्जिन एमआरपीवर की खरेदीवर, हे कागदावर लिहा: २०० एमआरपीची बाटली त्याला १६० ला पडली, तर तेच मार्जिन एमआरपीवर २० टक्के आणि खरेदीवर २५ टक्के होतं. मुलं इथेच घोळ घालतात आणि नको तेवढी सूट कबूल करून येतात.

मात्र सोलांचा भाव हंगामागणिक हलतो, म्हणून दरपत्रकावर तारीख घाला.