'पुढच्या महिन्यात बघू' असं लिहिलेला मेल

"ओळख ना पाळख, एखादा सेल्सवाला मेल करतो, मीटिंगसाठी वेळ मागतो. मला नकोच असते पण तोंडावर नाही म्हणवत नाही, मग काहीतरी सांगून वेळ मारून नेते आणि तो परत परत येत राहतो. एकदाच काय ते स्पष्ट कसं सांगायचं?"

समुपदेशक म्हणून महिन्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकते मी. त्यातली एकच केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि पाच-सहा सेशन्सचं इथे थोडक्यात लिहितेय.

ती एका ऑफिसमध्ये खरेदीचं बघायची. तिने मोबाईल माझ्यापुढे सरकवला, एकाच माणसाचे चार महिन्यांचे मेल. तिचं पहिलं उत्तर होतं, "सध्या रिपोर्टची गडबड आहे, पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात तो बरोबर हजर. मग तिने लिहिलं, "यंदा बजेट नाहीये हो." त्याचं उत्तर आलं, "हरकत नाही मॅडम, छोटा प्लॅन पण आहे, फक्त 15 मिनिटं द्या." मग ती म्हणाली, "माहिती पाठवून ठेवा, टीमशी बोलते." पीडीएफ आली आणि तीन दिवसांनी मेल, "टीम काय म्हणाली?" त्यानंतर तिने उत्तरच दिलं नाही, तरी तो येतच राहिला. "किती चिवट माणूस आहे," ती वैतागून म्हणाली, "नाही म्हटलेलं कळत कसं नाही याला?"

मी तिला विचारलं, "यात तुम्ही 'नाही' कुठे लिहिलंय ते मला दाखवा बरं."

तिने खाली-वर स्क्रोल केलं, पुन्हा केलं. "पण कळतं ना ते," म्हणाली.

मग मी तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि वही-पेन दिलं. आता तुम्ही तो सेल्सवाला, मी तुमचीच उत्तरं वाचून दाखवते, प्रत्येक उत्तरानंतर स्वतःच्या डायरीत काय नोंद कराल ते लिहा. पहिलं उत्तर वाचलं, तिने लिहिलं, "पुढच्या महिन्यात 5 तारखेला फोन." दुसरं वाचलं, "स्वस्तातला प्लॅन दाखवणे." तिसऱ्याला लिहिलं, "तीन दिवसांनी विचारणे." आणि मग पेन तसंच हातात धरून ती त्या तीन ओळींकडे बघत बसली, बराच वेळ, मी पण काही बोलले नाही कारण अशा वेळी बोललं की सगळं वाया जातं. शेवटी हळूच म्हणाली, "म्हणजे तारखा तर मीच देतेय त्याला."

माझ्या मते सगळी केस त्या क्षणी वळली, आणि ती ओळ तिच्या तोंडून आली याचं मला आजही समाधान आहे. मी सांगितलं असतं तर मान डोलावून घरी गेली असती.

विक्रीचं काम करणाऱ्या माणसाची बाजू इथे समजून घ्यायला हवी. त्याच्याकडे मोठी यादी असते, जो 'नंतर' म्हणाला त्याच्यापुढे तो पुढची तारीख टाकतो आणि जो 'नको' म्हणाला त्याचं नाव सहसा बाजूला काढतो. कारण दिलं की त्याच्या दृष्टीने ती अडचण होते आणि अडचण सोडवणं हेच तर त्याला शिकवलेलं असतं. बजेट नाही म्हटलं की स्वस्त प्लॅन, वेळ नाही म्हटलं की छोटी मीटिंग, दुसऱ्याकडून घेतो म्हटलं की तुलना करून दाखवतो. तो तुम्हाला छळत नसतो हो, तुम्ही दाखवलेल्या वाटेनेच चाललेला असतो. आणि दोन-तीन महिने टाळून मग वैतागून कधीतरी एकदा मीटिंग दिलीत तर आणखीच पंचाईत, कारण त्याला कळतं की चिकाटी धरली की इथे काम होतं.

पण एवढं कळूनही पुढच्या वेळी ती मेल न लिहिताच आली. म्हणाली, "त्याला वाईट वाटेल." मी विचारलं, वाटलं तर? "म्हणेल, काय उद्धट बाई आहे." बरं, म्हणाला तर? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांना मानणारी समुपदेशक आहे, त्यामुळे मी इथेच थांबते आणि इथेच खणते. समोरच्याने आपल्याला चांगलं म्हणावं ही इच्छा ठीकच आहे, पण म्हटलंच पाहिजे असा हट्ट झाला की ज्या माणसाला आपण कधी भेटलेलोही नाही त्याच्या मताची सुद्धा भीती वाटायला लागते. तिला नकार पण द्यायचा होता आणि त्याने खूश होऊन तो घ्यावा असंही वाटत होतं. नकार देणं तिच्या हातात होतं, त्याने खूश व्हायचं की नाही हे त्याच्या हातात.

मग मेल लिहायला बसलो. तिचा पहिला कच्चा मसुदा असा होता, "सॉरी, तुमचं प्रॉडक्ट छान आहे पण सध्या आम्हाला गरज नाहीये, पुढे कधी लागलं तर नक्की कळवू." तिला वाटलं जमलं. मी पेन्सिलने तीन ठिकाणी रेघ मारली. 'सध्या', म्हणजे नंतर आहे. 'कधी लागलं तर', म्हणजे मधूनमधून विचारायला हरकत नाही. आणि 'नक्की' हे तर वचनच झालं, जे ती पाळणार नव्हती. 'सॉरी' पण काढायला लावलं, कारण न मागता आलेल्या मेलला नको म्हणण्यात चूक कसली? 'छान आहे' सुद्धा काढलं, वापरून बघितलेलंच नव्हतं तिने. शेवटी उरलं ते हे:

"नमस्कार, तुमचा मेल वाचला. आम्हाला ही सेवा घ्यायची नाही, त्यामुळे मीटिंग नको. कृपया याबद्दल पुन्हा संपर्क करू नका. धन्यवाद."

यात तीन गोष्टींना वेगवेगळं नको म्हटलंय बघा, सेवा, मीटिंग आणि फॉलोअप. नुसतं 'मीटिंग नको' लिहिलं की फोनवर बोलू म्हणतात, नुसतं 'सेवा नको' लिहिलं की दुसरी सेवा दाखवतात. नमस्कार आणि धन्यवाद ठेवलेत, तेवढ्याने सभ्यपणा पुरतो.

फोनची प्रॅक्टिस वेगळी केली, कारण तिथे "कारण कळेल का मॅडम?" असा प्रश्न येतोच. त्यावर तिने म्हणायचं ठरलं, "निर्णय झालाय, कारणात जायचं नाहीये." आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं तिला सगळ्यात अवघड गेलं, मी सेल्सवाली बनून दहा सेकंद काही बोलले नाही की ती लगेच "म्हणजे तसं नाही, पण काय आहे ना..." सुरू करायची. सात-आठ वेळा केलं तेव्हा कुठे जमलं.

एक अपवाद मात्र सांगते. खरंच पुढे लागणार असेल, म्हणजे आत्ताचा करार अमुक महिन्यात संपतोय आणि तेव्हा नवीन बघायचंय, तर तसंच लिहा, महिना सांगा आणि 'मी संपर्क करेन, तुम्ही करू नका' हे जोडा. खरं असेल तरच. आणि हजारो लोकांना एकदम सुटलेला मेल असेल, तुमच्या नावापलीकडे तुमच्याबद्दल काहीच नसेल, तर उत्तर द्यायची गरजच नाही, खाली यादीतून नाव काढायची लिंक असते ती दाबा, आणि पाठवणारा अगदीच अनोळखी, संशयास्पद वाटला तर लिंकपण न दाबता सरळ स्पॅममध्ये टाका.

तिने मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याने कारण विचारलं, तिने तेच वाक्य पुन्हा लिहिलं, एक शब्द न वाढवता. तिसऱ्यांदा आला असता तर उत्तर न देता ब्लॉक करायचं आमचं ठरलं होतं, पण त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "ओके मॅडम, लिस्टमधून नाव काढतो." तिने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "चिडलाय का हो तो?" मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाली, "असू दे, चिडला तर चिडला."