डेंगीच्या पोस्टरसाठी रंगसंगती

प्रश्न: फोंड्यातील वाचनालयासाठी डेंगीचे पोस्टर करत आहे. ‘हे करा’ हिरव्यात आणि ‘हे टाळा’ लाल रंगात आहे. रंगांध व्यक्तींनाही ते नीट कळेल का?

उत्तर: अक्षरे वाचता येतील, पण दोन्ही रकाने वेगळे ओळखू येतीलच असे नाही. गडद लाल #D00000 आणि हिरवा #008000 हे दोन्ही पांढऱ्यावर उजळतेचा सुमारे 5:1 किंवा अधिक विरोध देतात, म्हणजे लहान मजकुराची 4.5:1 ही किमान मर्यादा ओलांडतात. परंतु त्यांची उजळता जवळपास सारखी असल्याने एकमेकांशी विरोध जेमतेम 1.1:1 उरतो आणि लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्या व्यक्तीला दोन्ही रकाने मळकट तपकिरी वाटू शकतात.

त्याऐवजी ‘हे करा’साठी निळी पट्टी #0072B2 घेऊन तिच्यावर पांढरी अक्षरे द्यावीत आणि ‘हे टाळा’साठी नारिंगी पट्टी #E69F00 घेऊन तिच्यावर काळीच अक्षरे ठेवावीत, कारण नारिंगीवर पांढरी अक्षरे (तो मोह अनेकांना होतो) केवळ 2.3:1 वर येतात. पाणी साचलेल्या करवंटीच्या चित्रावर ठळक फुली आणि झाकलेल्या पिंपावर बरोबरची खूण काढल्यास अर्थ रंगावर अवलंबून राहत नाही. छपाईपूर्वी एक प्रत कृष्णधवल काढून पाहावी. तिच्यात दोन्ही पट्ट्यांच्या करड्या छटा सहज वेगळ्या दिसल्या पाहिजेत.