शोरीलची लिंक आणि ‘पहिला कट कधी?’

‘व्हिडिओ एडिटरच्या कामासाठी, गुगल ड्राइव्हवरच्या शोरीलची लिंक घालून सहा ठिकाणी ईमेल केले. दोन ठिकाणांहून अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट आली, बाकीचे गप्प. काय चुकलं?’

ड्राइव्हवर टाकलेली फाइल मुळात Restricted असते, म्हणजे तुमच्याशिवाय कुणालाच दिसत नाही. शेअरिंगमध्ये जाऊन ती Anyone with the link करावी लागते. दोघांनी निदान रिक्वेस्ट पाठवण्याची तसदी घेतली. बाकीच्यांनी टॅब बंद केला असणार. स्वतःच्या लॉगिनमधून लिंक तपासून उपयोग नाही, तुम्हाला ती उघडणारच. इनकॉग्निटो विंडोत उघडा, मग दुसऱ्याच्या फोनवर. शिवाय अपलोड झाल्या झाल्या ड्राइव्ह व्हिडिओ प्रोसेस करत असतं, तेवढा वेळ तो नीट चालत नाही.

मी स्वतः शोरील यूट्यूबवर Unlisted ठेवते. दाबली की चालू होते. फक्त अपलोड करतानाच कॉपीराइटची सूचना बघून घ्या, कारण सिनेमातलं गाणं वापरलं असेल तर व्हिडिओ ब्लॉक होऊ शकतो. आणि यूट्यूबवर त्याच लिंकवर फाइल बदलता येत नाही. नवी शोरील म्हणजे नवी लिंक, तेव्हा जुने मसुदे कॉपी-पेस्ट करताना जपून.

‘टर्नअराउंडबद्दल मी “लवकरात लवकर देईन” असं लिहितो. नेमके दिवस लिहायला भीती वाटते. अडकलो तर?’

भीती दिवसांची नाही, मोजणी कुठून सुरू होते ते न लिहिण्याची हवी. ‘तीन दिवसांत देईन’ म्हटलं आणि फुटेजच दुसऱ्या दिवशी रात्री आलं, तर उशीर कुणाचा? ईमेलमध्ये लिहिलेलं नसेल तर तुमचाच.

समजा, एका पॉडकास्टसाठी एडिटर हवा आहे: दर आठवड्याला दोन कॅमेऱ्यांवरची चाळीस मिनिटांची मुलाखत आणि चार रील्स. आधी अशाच एखाद्या जुन्या कामाचे तास मांडा. सिंक आणि निवड दोन तास, पहिला कट सहा, ऑडिओ तीन, कलर दोन, रील्स आणि सबटायटल्स चार. झाले सतरा. दिवसाला एडिटिंगचे खरेखुरे सहा तास होतात (आठ होतात असं सांगणाऱ्याने रेंडर, फोन आणि चहा धरलेला नसतो), म्हणजे जेमतेम तीन दिवस. एक दिवस हाताशी ठेवून चार लिहा.

फुटेजचा प्रवासही धरा. साठ जीबी फुटेज चाळीस एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला, लाइन अजिबात न पडता, सव्वातीन तासांहून जास्त लागतात. तेवढेच डाउनलोडला गेले तर अर्धा दिवस टाइमलाइन न उघडताच संपतो. म्हणून ‘फुटेज पाठवल्यापासून’ असं न लिहिता ‘मिळाल्यापासून’ लिहा.

ईमेलमध्ये ते असं दिसेल:

> विषय: व्हिडिओ एडिटर पदासाठी अर्ज – पॉडकास्ट आणि रील्स
>
> नमस्कार,
> आपल्या पॉडकास्टच्या एडिटर पदासाठी अर्ज करत आहे. शोरील (७५ सेकंद): [लिंक]. मुलाखतीचं काम ०:२० पासून.
>
> वेळेबाबत: संपूर्ण फुटेज, ऑडिओ आणि लोगो मिळाल्यापासून ४ कामाच्या दिवसांत एपिसोडचा पहिला कट आणि ४ रील्स देईन. संध्याकाळी ६ नंतर आलेलं फुटेज पुढच्या कामाच्या दिवसापासून मोजेन. दुरुस्त्यांच्या २ फेऱ्या, प्रत्येकीला १ दिवस. दुरुस्त्या टाइमकोडसह एकत्रित मिळाव्यात. रविवारी काम बंद.
>
> कळावे,
> (नाव, मोबाइल)

‘एकत्रित’ हा शब्द गाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तिघांकडून तीन दिवस सुट्या सूचना येत राहिल्या, की दोन फेऱ्यांच्या नऊ होतात. आणि चार दिवस त्यांना जास्त वाटले तर रील्स नंतर देऊन एपिसोड आधी देता येईल का, ते विचारा. दिवस नुसतेच कमी करून मोकळं होऊ नका. सतरा तास काही त्यामुळे बारा होत नाहीत.

‘माझी शोरील चार मिनिटांची आहे. लग्न, शॉर्टफिल्म, रील्स, सगळं त्यात आहे. कापू का?’

कापा. साठ ते नव्वद सेकंद पुरे, आणि ज्या कामासाठी अर्ज करताय तेच पहिल्या दहा सेकंदांत दिसू दे. पॉडकास्टवाल्यांना वरमालेचा स्लो-मोशन दाखवून काय मिळणार? मात्र नुसत्या झटपट कट्सवरून बोलण्याची लय तुम्हाला सांभाळता येते का, ते कळत नाही. त्यासाठी दोन मिनिटांचा एक सलग तुकडा वेगळ्या लिंकवर द्या.

‘शोरीलमधल्या दोन कामांत एडिट माझं आहे, पण कलर आणि मोशन ग्राफिक्स मित्राचे. सांगायलाच हवं का?’

हो. लिंकखाली एक ओळ लिहा: ‘०:३५ ते ०:५०: एडिट माझं, कलर आणि ग्राफिक्स सहकाऱ्याचे.’ नाहीतर तसेच ग्राफिक्स तुमच्याकडून चार दिवसांत मागितले जातील.