एकाच गणिताची तीन उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. सूत्रे तोंडपाठ आहेत, पण किरणाकृती काढायला घेतली की प्रतिमा भलत्याच ठिकाणी येते. चिन्हे कधी बरोबर येतात, कधी उलटी पडतात. रोज सराव घेतो, तरी फरक पडत नाही. तिचा हात चित्रकलेत बसलेला नाही, म्हणून असे होत असेल का?

उत्तर : किरणाकृतीला पट्टी, टोकदार पेन्सिल आणि चौकटींचा कागद एवढेच पुरते, त्यामुळे चित्रकलेला दोष देण्याआधी तिची वही उघडून पाहावी. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशन कक्षात अशाच तक्रारीने आलेल्या एका मुलीचे प्रकरण मी येथे सविस्तर मांडते, कारण तिच्या वहीत जे दिसले, तेच पुढे इतर अनेक मुलांच्या वह्यांत मला दिसत आले आहे.

ती मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत शिकत होती. तिथे गोलीय आरसे नववीत येतात आणि भिंगे दहावीत, त्यामुळे दहावीची उजळणी करताना वर्षभरापूर्वीचा अर्धवट आठवणारा धडा आणि नवा धडा एकमेकांत मिसळतात. तिच्या वहीत एकच उदाहरण तीन ठिकाणी सोडवलेले होते. अंतर्गोल आरशाचे नाभीय अंतर 10 सेंमी, वस्तू आरशापासून 15 सेंमी अंतरावर, तर प्रतिमा कोठे मिळेल? एका पानावर उत्तर होते 30 सेंमी, दुसऱ्या पानावर 6 सेंमी, आणि आकृती मोजून काढलेले उत्तर 40 सेंमीच्याही पुढे गेले होते. ‘‘मॅडम, मला आकृती जमतच नाही,’’ असे ती म्हणाली. तिची आकृती मात्र नीटनेटकी होती, रेषा सरळ होत्या आणि किरणांवर बाणही काढलेले होते. मग इतका फरक कशामुळे पडला?

तिने कागदावरचा 1 सेंमी म्हणजे प्रत्यक्षातले 5 सेंमी असे प्रमाण घेतले होते, म्हणून नाभी आरशापासून 2 सेंमीवर, वक्रता केंद्र 4 सेंमीवर आणि वस्तू 3 सेंमीवर आली होती. हे सगळे बरोबर होते. पण आरसा तिने कंपासने 4 सेंमी त्रिज्येचा मोठा कंस काढून दाखवला होता आणि वस्तू 2 सेंमी उंच घेतली होती. एवढ्या उंचीवरून मुख्य अक्षाला समांतर जाणारा किरण कंसावर ध्रुवाच्या अर्धा सेंमी अलीकडेच आदळतो, तर वक्रता केंद्रातून जाणारा किरण कंसाच्या पार वरच्या टोकापाशी पोहोचतो. पाठ्यपुस्तकातले किरणांचे नियम, म्हणजे समांतर किरण परावर्तनानंतर नाभीतून जातो वगैरे, हे अक्षाजवळून जाणाऱ्या किरणांपुरतेच खरे असतात. खऱ्या गोलीय आरशावर इतक्या उंचीवरचा समांतर किरण नाभीतून जातच नाही, तो ध्रुवाच्या अधिक जवळ अक्षाला छेदतो. तिने तो बळेच नाभीतून नेला, त्यामुळे दोन किरण कागदावर 6 सेंमीऐवजी 8 सेंमीच्या पलीकडे भेटले. थोडक्यात, तिने नियम प्रामाणिकपणे पाळले होते, फक्त ज्या आरशाला ते लागू पडत नाहीत तसा आरसा काढला होता.

उपाय साधा आहे. ध्रुवातून अक्षाला लंब अशी एक सरळ रेषा काढावी आणि सगळे किरण त्या रेषेवरच वळवावेत. आरसा ओळखू यावा म्हणून रेषेची दोन्ही टोके किंचित वाकवून मागच्या बाजूला तिरप्या रेघा माराव्यात. शाळेत कंसच काढायला सांगत असतील, तर कंस अगदी उथळ ठेवावा आणि वस्तूची उंची 1 सेंमीच्या आत घ्यावी. आम्ही तेच उदाहरण त्याच 2 सेंमी उंचीच्या वस्तूने सरळ रेषेवर पुन्हा काढले. वस्तूच्या टोकापासून समांतर निघालेला किरण रेषेवर आदळून नाभीतून गेला, आणि वक्रता केंद्र व वस्तूचे टोक यांना जोडणारी रेषा वाढवली, तेव्हा दोन्ही ध्रुवापासून बरोबर 6 सेंमीवर, अक्षाच्या 4 सेंमी खाली भेटले. पडताळ्यासाठी मी तिला तिसरा किरण काढायला लावला. टोकापासून थेट ध्रुवावर जाणारा हा किरण अक्षाशी तेवढाच कोन करून परत येतो, आणि तोही त्याच बिंदूतून गेला. तिसरा किरण चुकला तर कुठेतरी गडबड आहे, हे मुलाला कोणी न सांगता कळते, म्हणून दोन किरणांवर थांबू नये असा माझा आग्रह असतो.

आता राहिले 6 सेंमीचे उत्तर. हे कोठून आले ते वडिलांशी बोलल्यावर उलगडले. वडील संध्याकाळी तिचा अभ्यास घेत असत आणि त्यांनी स्वतः ‘वास्तव ते धन, आभासी ते ऋण’ हा जुना संकेत शिकलेला होता. त्या संकेतात अंतर्गोल आरशाचे नाभीय अंतर धन, वास्तव वस्तूचे अंतर धन आणि उत्तरही धन 30 येते. शाळेचा कार्टेशिअन संकेत वेगळा आहे, पण उत्तराचे माप त्यानेही 30 च येते. दोन्ही संकेत आपापल्या जागी शुद्ध आहेत. मुलीने मात्र नाभीय अंतर बाबांच्या पद्धतीने +10 घेतले आणि वस्तूचे अंतर शाळेच्या पद्धतीने −15 घेतले. त्यामुळे

1/v = 1/f − 1/u = 1/10 + 1/15 = 1/6

असे होऊन v = +6 सेंमी आले. हे उत्तर अंतर्गोल आरशाचे नाही, तेवढ्याच नाभीय अंतराच्या बहिर्गोल आरशाचे आहे. वडिलांना मी एवढीच विनंती केली की परीक्षा होईपर्यंत घरातही शाळेचाच संकेत चालू द्यावा, आणि त्यांनी ती लगेच मान्य केली.

कार्टेशिअन संकेताची आठवण ठेवायची, तर तक्ता पाठ करण्यापेक्षा आकृतीवरच दोन अक्ष आहेत असे समजावे. आरशाचा ध्रुव किंवा भिंगाचे प्रकाशीय केंद्र हा आरंभबिंदू, आणि मुख्य अक्ष हा X-अक्ष. वस्तू नेहमी डावीकडे ठेवायची, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण, अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. त्यामुळे u नेहमी ऋण येतो. अंतर्गोल आरशाची नाभी समोर, म्हणजे डावीकडे असते, म्हणून तिचे अंतर ऋण. बहिर्गोल आरशाची नाभी मागे असते, म्हणून धन. भिंगांत बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर धन आणि अंतर्गोल भिंगाचे ऋण मानतात. ही चिन्हे गणित मांडण्याआधी कच्च्या आकृतीत त्या त्या अंतराखाली लिहून टाकावीत. मात्र जे काढायचे आहे, त्याला आधीच चिन्ह देऊ नये. ‘प्रतिमा वास्तव असणार’ असा अंदाज करून v च्या मागे ऋण चिन्ह लावून ठेवणारी मुले नंतर उत्तरातले ऋण चिन्ह पुन्हा मोजतात आणि फसतात.

आरसा आणि भिंग यांची सरमिसळ मोडण्यासाठी मी तिला तेच आकडे बहिर्गोल भिंगासाठी दिले. नाभीय अंतर 10 सेंमी, वस्तू 15 सेंमीवर.

आरसा : 1/v + 1/u = 1/f, u = −15, f = −10, म्हणून v = −30, विशालन M = −v/u = −2

भिंग : 1/v − 1/u = 1/f, u = −15, f = +10, म्हणून v = +30, M = v/u = −2

दोन्ही प्रतिमा वास्तव, उलट्या आणि दुप्पट आहेत, तरी v चे चिन्ह वेगळे आहे, कारण आरसा प्रकाश परत पाठवतो आणि भिंग तो पलीकडे जाऊ देते. दोन्ही आकृत्या एकाखाली एक काढल्या की हे डोळ्यांना दिसते. प्रतिमा सुलटी की उलटी हे विचारायचे असेल, तर M च्या चिन्हाकडे पाहावे, v च्या चिन्हावरून ठरवू नये.

यानंतर कोऱ्या आकृत्यांचा सराव सुरू केला. तयार पूर्ण आकृती पाहून उतरवण्यात हात चालतो, पण निर्णय एकही घ्यावा लागत नाही, म्हणून ती पद्धत मी टाळते. आपण घरी चौकटींच्या कागदावर अशा आकृत्या सहज आखू शकता. प्रमाण वरचेच ठेवावे. अक्ष, उभी रेषा, नाभी आणि 2 सेंमी उंचीची वस्तू एवढेच काढून द्यावे; किरण, बाण, प्रतिमा आणि प्रत्येक अंतराचे चिन्ह मुलीने भरावे.

पहिल्या कोऱ्या आकृतीत अंतर्गोल आरसा द्यावा, नाभी डावीकडे 2 सेंमीवर आणि वस्तू डावीकडे 1 सेंमीवर, म्हणजे ध्रुव व नाभी यांच्या मधोमध. परावर्तित किरण समोर भेटत नाहीत असे दिसताच मुले कोन बदलून ते ओढूनताणून भेटवतात. तसे न करता ते आरशामागे तुटक रेषांनी वाढवावेत. मागे 2 सेंमीवर 4 सेंमी उंचीची सुलटी, आभासी प्रतिमा मिळायला हवी. प्रकाश प्रत्यक्ष जातो तेथेच भरीव रेषा व बाण, आणि जेथे तो जात नाही तेथे तुटक रेषा, हा भेद येथे तपासावा. दुसऱ्या आकृतीत तोच आरसा ठेवून वस्तू बरोबर नाभीवर ठेवावी. किरण समांतर परत जातात, तुटक वाढवल्यावरही भेटत नाहीत, आणि आकृती तेथेच थांबवायची असते. ज्या मुलीने येथे प्रतिमा काढली, तिने किरणांकडे न पाहता अंदाजाने काढली, हे ओळखावे.

शेवटची कोरी आकृती मी उलटी देते. उभी रेषा हे भिंग आहे, पण कोणते ते सांगितलेले नाही. दोन्ही बाजूंना 2 सेंमीवर नाभी आहे. डावीकडे 1.2 सेंमीवर 0.8 सेंमी उंचीची सुलटी, आभासी प्रतिमा दिलेली आहे. वस्तू शोधायची आहे. सुलटी आणि लहान प्रतिमा म्हणजे भिंग अंतर्गोल, हे आधी ठरवावे लागते. मग प्रकाशीय केंद्र आणि प्रतिमेचे टोक जोडणारी रेषा डावीकडे वाढवायची. डावीकडच्या नाभीतून प्रतिमेच्या टोकातून जाणारी तुटक रेषा भिंगाला 2 सेंमी उंचीवर छेदते. तेथून डावीकडे अक्षाला समांतर रेषा काढली की ती पहिल्या रेषेला भिंगापासून 3 सेंमीवर मिळते. म्हणजे वस्तू प्रत्यक्षात 15 सेंमीवर आहे. v = −6 आणि f = −10 सूत्रात घालून u = −15 येते का, हे मुलीने स्वतः ताडून पाहावे. आमच्या त्या मुलीने प्रथम वस्तू भिंगाच्या उजवीकडे काढली होती. समांतर किरण भिंगावर कोणत्या दिशेने येतो, एवढा एक प्रश्न विचारल्यावर तिने ती खोडून डावीकडे नेली.