लिफ्ट धरणारा मुलगा आणि आजीचं पत्र

"मॅडम, नात 15 वर्षांची आहे, लांब राहते. शेजारचा मुलगा तिच्याकडे बघतो, काहीतरी निमित्त काढून मदत करतो, पण बोलत मात्र नाही. हे तिने फक्त मला सांगितलंय. पत्र लिहायला बसले की वाटतं मी तिला घाबरवतेय, नाहीतर मग उगाच फूस लावतेय. काय लिहू?"

असं विचारणाऱ्या आज्या माझ्याकडे समुपदेशनाला बऱ्याच येतात. मुली आईला जे सांगत नाहीत ते आजीला सांगतात आणि मग आजीची झोप उडते. या आजींबरोबर माझी पाच सेशन्स झाली, त्यातलं मोजकंच इथे लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पत्रच का, फोन का नाही, हे मी आधी विचारलं. तर म्हणाल्या, फोनवर बोलताना तिची आई खोलीत असते, आणि पत्र कसं, पुन्हा पुन्हा वाचता येतं. खरंय ते. शिवाय पत्र वाचताना समोर कोणी तोंडाकडे बघत नसतं, त्या वयात ही मोठी सोय असते.

पहिला खर्डा घेऊनच आल्या होत्या. दोन पानं. मी वाचलं आणि पेन्सिलने त्यातल्या सूचना मोजल्या. 11 निघाल्या. जपून राहा, एकटी जाऊ नकोस, मुलगा बरा वाटतो पण मुलांचं काही सांगता येत नाही, वगैरे. प्रश्नचिन्ह पत्रात एकही नव्हतं, पण ते मी तेव्हा बोलले नाही.

कागदाला मधोमध घडी घालायला लावली. डावीकडे फक्त तेच लिहायचं जे त्या मुलाने खरंच केलं, म्हणजे कॅमेऱ्यात दिसलं असतं असं. आणि उजवीकडे, त्यावरून आपल्याला काय वाटलं ते. डावीकडे तीनच गोष्टी आल्या. ती येताना दिसली की तो लिफ्टचं दार धरून ठेवतो आणि ती आत गेली की स्वतः जिन्याने जातो. तिचं शटल त्यांच्या बाल्कनीत पडलं की खाली आणून देतो, पण हातात न देता कठड्यावर ठेवतो. एकदा गणिताची वही मागून नेली आणि दुसऱ्या दिवशी परत केली, तर फाटलेलं कव्हर चिकटवलेलं होतं. संपलं. उजवी बाजू मात्र भरून वाहत होती, प्रेमात पडलाय, पाळत ठेवतोय, आईवडिलांनी शिकवलं नाही, साधा आहे, साधा दाखवतोय.

"एवढ्या तीन गोष्टींवर एवढं सगळं?" त्या स्वतःच म्हणाल्या.

माझ्या कामाचा सगळा पाया हाच आहे, माणसाला घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीला स्वतःच लावलेला अर्थ जास्त पळवतो. हे शिकवणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला भयंकर घाबरायचे. 19 वर्षांचे असताना त्यांनी ठरवून बागेत बाकावर एकट्या बसलेल्या शंभर अनोळखी बायकांशी बोलून बघितलं. एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती पण आलीच नाही, पण यांची भीती गेली. लाजाळू मुलाच्या मनात काय चालतं, नकाराची केवढी धास्ती असते, हे समजवायला मी ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि लोक हसतात. आजी हसल्या नाहीत. जरा वेळ थांबून म्हणाल्या,

"आणि त्या बायकांना काय वाटलं?"

खरं सांगते, मला उत्तर नव्हतं. इतक्या वेळा सांगितलेल्या गोष्टीत तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पण नेमक्या अशा वेळी गप्प बसायचं हे मला इतक्या वर्षांत जमायला लागलंय, मी नुसता त्यांचा खर्डा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं परत वाचली, मग कागद खाली ठेवला. "सगळं त्या पोराबद्दलच आहे. तिला काय वाटतं हे मी विचारलंच नाही."

तिथून पत्र फिरलं. शेवटी जे गेलं त्यातला काही भाग त्यांच्या परवानगीने देते:

"राणी, तो लिफ्ट धरतो आणि जिन्याने जातो, हे वाचून मी दहा अर्थ काढले आणि सगळे माझे होते. तुझा काय आहे? तो समोर आला की तुला बरं वाटतं, अवघडायला होतं, की काहीच वाटत नाही? तिन्ही चालेल. त्याच्या मनात काय आहे ते ओळखणं तुझं काम नाही. तो लाजतो म्हणून तू काही देणं लागत नाहीस, आणि लाजतो म्हणून मैत्रिणींमध्ये त्याची चेष्टाही करू नकोस. एवढंच बघ की तू एकदा 'नको, मी करते' म्हणालीस तर तो थांबतो का. आणि 'हे घरी कोणाला सांगू नको' असं तो म्हणाला तर त्याच दिवशी सांग. मी गुपित ठेवीन, पण तुला धोका वाटला तर आईला सांगीन, आणि सांगायच्या आधी तुला सांगीन."

शेवटच्या वाक्यावर आमची बरीच ओढाताण झाली. त्यांना "कोणालाही सांगणार नाही" असंच लिहायचं होतं. मी नाही म्हणाले. जे वचन मोडावं लागू शकतं ते द्यायचंच नाही, आणि पत्र आईच्या हाती पडलं तरी लाज वाटू नये असंच लिहायचं.

'नको' म्हटल्यावर काय होतं, यावर मी इतका भर देते त्याला कारण आहे. दुसऱ्या एका केसमधला मुलगाही असाच गप्प, मान खाली, सगळे म्हणायचे बिचारा लाजाळू आहे. पण त्या मुलीने क्लासची वेळ बदलली तर हा नव्या वेळेला हजर. तिने रस्ता बदलला, हा त्या रस्त्यावर. लाजणारा माणूस आपण दूर झालो की बहुतेक वेळा स्वतःच दोन पावलं मागे जातो, आणि मध्ये एखादं काम असलं किंवा आजूबाजूला माणसं असली की जरा मोकळा होतो. हा उलट ती एकटी सापडायची वाट बघायचा. तिथे आम्ही पत्रबित्र लिहीत बसलो नाही, त्याच आठवड्यात आईवडिलांना बोलावलं. गप्प दोन्ही मुलगे होते, त्यामुळे चेहऱ्यावरून हा फरक कळत नाही, मुलीला स्वतःचं वेळापत्रक बदलावं लागतंय का यावरून कळतो.

तर आजींच्या नातीचं उत्तर आलं. त्या मला वाचून दाखवत होत्या आणि मध्येच त्यांचा आवाज बसला. मुलीने लिहिलं होतं, "मला वाटायचं माझे पिंपल्स बघून त्याला माझ्याबरोबर लिफ्टमध्ये यायला नको वाटतं."

आजी प्रेमप्रकरणाच्या काळजीत, आणि पोरगी इकडे आपण कुरूप आहोत या दुःखात. आम्ही घडी घालून केलेल्या त्या उजव्या रकान्यात एवढं सगळं होतं, पण हे नव्हतं. त्यापुढची दोन सेशन्स मुलाबद्दल नव्हतीच, पिंपल्स, आरसा आणि "मी अशी दिसते म्हणजे मी नकोशी" या वाक्याबद्दल होती, आणि तीही आजींच्या पत्रांतूनच.

महिनाभराने परत आल्या. नातीने त्याला सरळ विचारलं होतं, जिन्याने का जातोस? तो आधी लालबुंद झाला आणि मग म्हणाला, दोघंच असलो तर तुला अवघडेल असं वाटलं. ती म्हणाली, नाही अवघडत. बस, एवढंच. आता कधी तो लिफ्टमध्ये येतो, कधी नाही.

"पण मी त्यासाठी आले नाहीये," आजी म्हणाल्या आणि पर्समधून नवं पत्र काढलं. खाली एक ओळ अधोरेखित होती. आजी, तुझ्यासाठी कोणी कधी दार धरून ठेवलं होतं का?

"आता याचं काय उत्तर देऊ?"

मी म्हटलं, हे मात्र तुम्ही मला न दाखवता लिहा.