महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किमी की ८७७ किमी?

प्रश्न: लहानपणापासून महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किमी असं पाठ आहे. मैत्रिणीच्या नोट्समध्ये ८७७ आहे. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत उत्तर लिहिताना कुठला आकडा द्यायचा? आणि आपल्या लक्षात असलेला आकडा जुना असू शकतो हे उत्तरात कसं लिहायचं?

उत्तर: आजच्या तारखेला ८७७.९७ किमी लिहा, पण नुसतं नको. ‘केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातील सुधारित मोजणीनुसार ८७७.९७ किमी’ असं लिहा. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवतो. हा आकडा वर्गात दर वर्षी घोळ घालतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की किनारा वाढलेला नाही, त्याची मोजणी बदलली आहे. भारताचा ७,५१६.६ किमी हा आकडा १९७० च्या दशकातला. त्यासाठी वापरलेल्या नकाशाचं प्रमाण १ : ४५,००,००० होतं, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४५ किलोमीटर. आता कोकणाचा किनारा डोळ्यासमोर आणा. दोन किलोमीटर रुंद खाडीचं तोंड या नकाशावर अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. धरमतर, राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांमध्ये आत शिरणारा आणि परत बाहेर येणारा काठ त्या रेषेत कसा दिसणार? नवी मोजणी १ : २,५०,००० या प्रमाणावर झाली. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे रेषा खाड्यांत, आखातांत वळून येते. भारताची किनारपट्टी ११,०९८.८१ किमी झाली ती अशी. झाईपासून तेरेखोलपर्यंत सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटरच अंतर आहे. बाकीची सगळी लांबी वळणांची आहे, आणि वळण किती बारकाईने मोजायचं यावर आकडा ठरतो.

म्हणून ‘७२० चुकीचं आणि ८७७ बरोबर’ असं मी मुलांना कधीच सांगत नाही. आकड्याबरोबर मोजणी कोणाची आणि कधीची हे सांगितलं नाही, तर त्याला अर्थच उरत नाही.

मुलं खरी फसतात ती याच्या पुढच्या पायरीवर. नोट्समध्ये हमखास वाक्य असतं, ‘महाराष्ट्राचा किनारा ७२० वरून ८७७ किमी झाला, म्हणजे सुमारे १५८ किमी वाढ.’ हे बरोबर नाही. ७२० हा आकडा राज्याच्या पुस्तकांतला, शासकीय प्रकाशनांतला. केंद्राच्या जुन्या तक्त्यात महाराष्ट्रापुढे ६५२.६ किमी आहे, आणि ८७७.९७ हा त्या केंद्राच्या तक्त्याचा पुढचा आकडा आहे. वाढ काढायचीच असेल तर ६५२.६ पासून काढावी लागते. ती २२५.३७ किमी, म्हणजे साधारण साडेचौतीस टक्के येते.

टक्केवारीत हा घोळ आणखी वाढतो. ‘भारताच्या किनारपट्टीत महाराष्ट्राचा वाटा किती’ हे काढताना मुलं डोक्यातले ७,५१६.६ खाली ठेवतात आणि वर नवा ८७७.९७ घेतात. उत्तर येतं ११.७ टक्के. दोन्ही आकडे जुने घेतले तर ८.७ टक्के येतात आणि दोन्ही नवे घेतले तर ७.९ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचा आकडा वाढला, पण देशातला वाटा कमी झाला, कारण गुजरात १,२१४.७ वरून २,३४०.६२ वर आणि पश्चिम बंगाल १५७.५ वरून ७२१.०२ वर गेला. अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा घेणाऱ्याला वाटा वाढल्याचं दिसतं, जे कुठल्याच मोजणीत खरं नाही. जुना आकडा निदान त्याच्या काळापुरता खरा असतो, ही भेसळ मात्र कधीच खरी नसते.

त्या आकड्यावर उभी असलेली विधानंही तपासावी लागतात. ‘गुजरातनंतर सर्वांत लांब किनारा आंध्र प्रदेशाला’ हे वाक्य आकड्याशिवाय पाठ केलेलं असतं, त्यामुळे ते जुनं झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या तक्त्यात तमिळनाडू १,०६८.६९ आणि आंध्र १,०५३.०७ आहे. राज्यांमध्ये दुसरा क्रमांक बदलला. महाराष्ट्र मात्र दोन्ही तक्त्यांत राज्यांमध्ये चौथाच आहे. जिल्हानिहाय तक्ते वाचताना आणखी एक सांभाळा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकात ‘ठाणे जिल्ह्याचा किनारा’ म्हणून जे दिलंय त्यातला डहाणू ते वसईचा भाग आता पालघरमध्ये आहे.

हातातला आकडा जुना आहे की नवा हे ओळखायचं असेल तर पुस्तक किंवा पान कधीचं आहे एवढ्यावर विसंबू नका. या वर्षी छापलेल्या पुस्तकातही ७,५१६.६ सापडेल, कारण ओळ जुन्या आवृत्तीतून जशीच्या तशी उचललेली असते. त्यापेक्षा शेजारची ओळ बघा. तिथे भारताचा आकडा कोणता आहे? आंध्र दुसरा दिलाय की तमिळनाडू? या दोन गोष्टींवरून तो मजकूर कुठल्या मोजणीचा आहे हे कळतं.

आता उत्तरात लिहायचं कसं. खात्री असेल तर वर दिलं तसं, स्रोत आणि वर्षासकट. नवा आकडा आठवत नसेल, पण तो बदललाय एवढं माहीत असेल, तर असं लिहा: ‘१९७० च्या दशकातील मोजणीनुसार भारताची किनारपट्टी ७,५१६.६ किमी होती. अधिक बारकाईच्या नव्या मोजणीत ती ११ हजार किमीच्या वर गेली आहे.’ हे पूर्ण खरं आहे आणि परीक्षकाला तुम्हाला विषय कळल्याचं दिसतं. ‘सुमारे’, ‘अंदाजे’ हे शब्द मात्र इथे वापरू नका. ‘सुमारे ७२० किमी’ म्हटलं की वाचणारा ७१५ किंवा ७२५ धरतो, ८७७ नाही. आकडा ढोबळ असणं वेगळं आणि कालबाह्य असणं वेगळं. दुसऱ्यासाठी वर्षच लिहावं लागतं. लोकसंख्येला आपण ‘२०११ च्या जनगणनेनुसार ११.२४ कोटी’ असं सवयीने लिहितोच, तीच सवय किनाऱ्यालाही लावा.

पूर्वपरीक्षेत असं लिहायला जागा नसते. तिथे आधी पर्याय वाचा. फक्त ७२० असेल तर प्रश्न राज्याच्या जुन्या पुस्तकातून आलाय, तेच निवडा. ७२० आणि ८७७.९७ दोन्ही असतील आणि प्रश्नात वर्ष किंवा स्रोत नसेल, तर मी ८७७.९७ निवडायला सांगतो. पहिल्या उत्तरतालिकेत दुसरं आलं तर मुदतीत हरकत नोंदवा आणि पुरावा म्हणून गृह मंत्रालयाच्या अहवालातलं तक्त्याचं पान जोडा. क्लासच्या नोट्स पुरावा म्हणून जोडू नका.